अनुभव धागा : बीपी, कोयना आणि एकाच विनोदाची चार रूपं

कोजागिरीला आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये सांगायला एक विनोद निवडलाय, पण तो माझ्याकडे चार रूपांत आलाय. तुम्ही यातला कुठला, कुठं, कुणापुढं सांगितलात आणि लोक नेमके कुठल्या शब्दाला हसले, ते लिहा. नुसतं 'मस्त' नको, कारण मला त्यातून निवडायचंय.

पहिलं : पुण्याला लेकाकडे गेलेले सांगलीचे काका. ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "काका, बीपीनं धोक्याची पातळी ओलांडलीय." काका दचकून म्हणाले, "अरे बापरे, कोयनेतनं पाणी सोडलं वाटतं!"

दुसरं : डॉक्टर : बीपी वाढलंय. सांगलीकर : कोयनेतनं किती सोडलंय?

तिसरं : डॉक्टर : पायात पाणी साठलंय. पेशंट : अलमट्टीचे दरवाजे उघडायला सांगा.

चौथं : डॉक्टर : वरचं वाढलंय, खालचं ठीक आहे. पेशंट : म्हणजे कोयनेनं सोडलंय, पण अलमट्टी घेतीय.

गावभागातला
दुसरं. विचारायचं काय त्यात? विनोद जेवढा छोटा तेवढा भारी. पहिल्यात पाऊस, पुणे, लेक, चक्कर, एवढं सामान कशाला? मी दुसरं ऑफिसात सांगितलं, सगळे फुटले.

मिरजेहून, एकपात्री करणारा
ताई, मी हा विनोद बरीच वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी सांगत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं रूप पडतं ते लांबीमुळं नाही, 'धोक्याची पातळी' या शब्दांमुळं पडतं. सांगलीत हे शब्द आयर्विन पुलाचे आहेत. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. डॉक्टरच्या तोंडून ते शब्द निघाले की सगळं सभागृह आयर्विनवर पोचतं आणि काका नंतर येतात. उत्तर पेशंटच्या आधी प्रेक्षकांना सुचलं तर हसू येतं, पण ते अर्धंच येतं. 'ऑगस्ट' आणि 'पाऊस' यांचंही तेच. डॉक्टरच्या वाक्यात फक्त दवाखाना असावा, नदीचा थेंबही नको.

आता दुसरं. गावभागातल्या दादांचं बरोबर आहे, पण तेही अजून छोटं होतं. सांगलीत सांगताना 'सांगलीकर' हा शब्द काढा, तो चाहूल देतो. नुसतं 'पेशंट' म्हणा. आणि 'सोडलंय' पण काढा. पावसाळ्यात आपण एकमेकांना पूर्ण वाक्यात विचारतो का? नाही. म्हणून :

डॉक्टर : बीपी वाढलंय. पेशंट : कोयनेतनं किती?

लोक 'कोयने' ऐकताच हसतात. त्यानंतर जेवढे शब्द उरतील तेवढे हशात बुडतात, म्हणून तिथं कमीत कमी ठेवायचे. मी एकदा उलटं करून पाहिलं, 'किती सोडलंय कोयनेतनं?' विनोदाचा शब्द शेवटी यावा हा नियम इथं चालला नाही, कारण आपल्याकडं 'किती सोडलंय' एवढ्यावरच माणूस धरणावर जातो.

हडपसरला नोकरी, मूळ मिरज
हे तीन-चार शब्दांचं रूप इथल्या टीममध्ये सांगितलं. अर्धी मंडळी विदर्भातली. 'कोयनेतनं किती काय?' असं विचारलं. मग कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येतं, तिथनं आमच्याकडं, धरणाचे दरवाजे उघडले की आम्ही बॅगा भरतो, असं सगळं सांगत बसलो. समजावलेल्या विनोदाला कोण हसणार? नंतर दुसऱ्या लोकांत मी सुरुवातीलाच म्हटलं, 'आमच्या सांगलीत पूर वरच्या धरणातनं येतो, त्यामुळं पावसाळ्यात माणूस दुसरं काही विचारतच नाही,' आणि मग डॉक्टरला आणलं. लांबलं, पण हसले. म्हणजे छोटा तेवढा भारी हे खरं, पण ऐकणाऱ्याला आधीच काय माहीत आहे त्यावर छोटं किती करता येईल ते ठरतं.

वाळवा तालुक्यातून
माझ्याकडे यापेक्षा चांगला आहे. डॉक्टर : साखर वाढलीय. शेतकरी : मग एफआरपी कधी जमा करताय? आमच्याकडं ऊसवाल्यांच्या बैठकीत हाच चालतो. कोजागिरीला हाच घ्या.

धागा सुरू करणारी
दादा, छान आहे, पण हा वेगळा विनोद झाला. मला एकाच विनोदाची रूपं तोलायची आहेत. आणि आमच्या सोसायटीत ऊस लावणारे कुणी नाहीत.

पाटणहून
आमच्या बाजूला कोयना म्हटलं की भीती नाही, उलट धरण किती भरलं याचीच चौकशी. म्हणून मी सांगाडा तोच ठेवून असं करतो. डॉक्टर : पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पेशंट : शंभर टीएमसी. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, हे इथं सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं पेशंटला अजून दोन घास चालतील हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. तुमच्या सांगलीत हा आकडा कितपत लागेल, शंका आहे.

पलूस तालुक्यातून
तिसऱ्याबद्दल सांगते. नदीकाठच्या एका गावात लग्नाच्या आदल्या रात्री कुणीतरी तिसऱ्याच धर्तीचा सांगितला, पण त्यात पायाऐवजी 'छातीत पाणी झालंय' होतं. कुणी हसलं नाही. 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आमच्यापासून लांब नाही. छातीत पाणी म्हटलं की बुडणं आठवतं. बीपीच्या रूपाला मात्र तीच माणसं हसतात, कारण त्यात आपल्याच सवयीवर हसायचं असतं, सारखं धरणाचा आकडा विचारायच्या. पायातलं पाणी मधलं वाटतं, शहरात चालेल. पण सांगणारा पुरात राहिलेला हवा. बाहेरच्यानं सांगितलेला मला तरी आवडत नाही.

गावभागातला
पटलं. पण मग चौथ्याचं काय? मला तर ते कळायलाच वेळ लागला.

मिरजेहून, एकपात्री करणारा
चौथं माझं सगळ्यात आवडतं, आणि तरी मंचावर मी ते जपून वापरतो. बीपीचं वरचं-खालचं आणि नदीचं वरचं-खालचं धरण, दोन्ही जोड्या चपखल बसतात. पण ऐकणाऱ्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्यांदा हशा उशिरा येतो, तोही तुकड्या-तुकड्यानं, आणि तोवर निवेदक पुढचं नाव पुकारत असतो. दुसरं सांगून झाल्यावर लगेच चौथं सांगितलं, तर पहिली पायरी आधीच चढलेली असते. तेव्हा ते दुसऱ्यापेक्षा जास्त हसवतं. डॉक्टर मंडळींत तर थेट चौथंच चालतं.

कुपवाडहून, अभियंता
पण 'अलमट्टी घेतीय' म्हटलं की आमच्याकडं वाद सुरू होतो. फुगवटा अलमट्टीचा का नाही, यावर दोन तट आहेत. आमच्या कट्ट्यावर हा विनोद झाल्यावर अर्धा तास तेच चाललं.

धागा सुरू करणारी
मग असं करते. सुरुवातीला 'कोयनेतनं किती?', आणि दुधाचे ग्लास वाटायच्या वेळी चौथं, कारण तेव्हा पुढं काही पुकारायचं नसतं आणि वाद झाला तरी चालेल. तिसरं ठेवून देते, आमच्या तळमजल्यावरची दोन कुटुंबं 2019 ला पाण्यात होती. एक राहिलं, पेशंट काका ठेवू की मावशी?

पलूस तालुक्यातून
मावशी ठेवा. पुराच्या दिवसांत सगळ्या नातेवाइकांना फोन लावून आकडा विचारणाऱ्या आमच्याकडं बायकाच.

मिरजेहून, एकपात्री करणारा
मी काकाच ठेवीन. काका तपासताना पण मोबाईलवर आकडाच बघत असतात.