मदत हवी आहे: बाळाने लोहाच्या गोळ्या गिळल्या, दोन ठिकाणी दोन हिशेब का निघाले?

शहादेकर
आमचा मुलगा २२ महिन्यांचा असून त्याचे वजन ११ किलो आहे. पत्नी गरोदर आहे आणि आशाताईंनी तिला दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्यांची पट्टी गेल्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास त्याच्या हाती लागली. गोळ्यांवर गोड लेप असल्याने त्याने त्या खाल्ल्या असाव्यात. पट्टीतून ८ गोळ्या कमी होत्या, परंतु त्यांपैकी दोन आपण स्वतः घेतल्या असाव्यात असे पत्नीला वाटत होते. अकराच्या आत त्याला दोन वेळा उलटी झाली. गावातील डॉक्टरांनी ६ गोळ्या धरून "वजनाच्या किलोमागे ३३ मि.ग्रॅ. लोह येते, घरीच लक्ष ठेवा" असे सांगितले. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र ८ गोळ्या धरून ४४ काढले आणि त्याला लगेच दाखल करून घेतले. मुलगा आता घरी सुखरूप आहे. हिशेब नेमका कसा करायचा आणि घरी थांबणे कधी योग्य, हे मला समजून घ्यायचे आहे, कारण त्याच गोळ्या आमच्या गल्लीतील आणखी तीन घरांत आहेत.

केळीबाग
भाऊ, आमच्या मुलीला लोहाचे औषध सुरू होते तेव्हा तिची शी काळी व्हायची. डॉक्टर म्हणाले होते की ते चालते. तुम्ही उगाच घाबरलात.

शहादेकर
ताई, ते डॉक्टरांनी ठरवून दिलेले थेंब होते. इथे प्रश्न एकदम गिळलेल्या गोळ्यांचा आहे.

अमळनेरचे आप्पा
माझ्या मते दोन्ही हिशेब चुकले. आमच्या घरातील गोळीवर फेरस फ्युमरेट ३०० मि.ग्रॅ. असे लिहिले आहे. अशा ८ गोळ्या म्हणजे २,४०० आणि ११ ने भागल्यास २१८ येतात. शिवाय उलटी झाली म्हणजे गोळ्या बाहेर पडल्या. मिठाचे पाणी पाजून आणखी उलटी करवली असती, तर दवाखान्याची वेळच आली नसती.

बालविभाग_धुळे
आप्पा, ३०० हे पूर्ण क्षाराचे वजन आहे. फ्युमरेटमध्ये लोह साधारण एक तृतीयांश असते, म्हणून तुमच्या गोळीत सुमारे १०० मि.ग्रॅ. लोह आहे. हिशेब त्या लोहाचाच करायचा असतो. वेष्टनावर "इतक्या लोहाशी समतुल्य" असा जो आकडा असतो तो घ्यावा. सरकारी लाल गोळीत तो ६० आहे. आणि मिठाचे पाणी मुळीच पाजू नये, त्याने लहान मुलाच्या रक्तातील सोडियम वाढून जीवावर बेतू शकते.

आता शहादेकर यांचे प्रकरण. आठ गोळ्या म्हणजे ४८० मि.ग्रॅ., भागिले ११, सुमारे ४४. सहा धरल्या तर ३६० भागिले ११, सुमारे ३३. पत्नीला खात्री नव्हती, आणि खात्री नसलेली गोळी मुलाच्या पोटात गेली असे धरूनच मोजायचे असते. किलोमागे २० च्या खाली सहसा फारसे काही होत नाही. ४० किंवा त्याहून अधिक असल्यास मूल खेळते असले तरी रुग्णालयात न्यावे. ६० च्या पुढे शरीरभर गंभीर विषबाधा होण्याची शक्यता असते. २० ते ४० च्या मधल्या पट्ट्यात लक्षण नसेल, तरच डॉक्टरांना विचारून घरी थांबता येते. तुमच्या मुलाला तासाभरात दोनदा उलटी झाली होती, त्यामुळे आकडा ३३ असता तरी त्याला नेणे भागच होते. गोळ्यांची संख्याच कळत नसेल, तरीही तेच करावे.

अमळनेरचे आप्पा
क्षाराचे समजले. पण उलटी थांबून मूल शांत झोपले, तर धोका टळला असे मानायला काय हरकत आहे?

बालविभाग_धुळे
तीच सर्वांत फसवी वेळ असते, आप्पा. पहिल्या सहा तासांत उलट्या, जुलाब, कधी रक्त दिसते. मग काही तास मूल बरे वाटते, पण त्या काळात लोह पेशींत शिरलेले असू शकते आणि पुढे रक्तदाब घसरतो, यकृतालाही इजा होते. याउलट सहा तासांत एकही लक्षण उमटले नाही, तर गंभीर विषबाधेची शक्यता फार कमी असते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांना मात्र हा सहा तासांचा नियम लावू नये.

शहादेकर
तिकडे पोटाचा एक्स-रे काढला, त्यात तीन ठिपके दिसले. नाकातून नळी घालून आतडी धुणारे द्रावण दिले. दुपारी तीन वाजता रक्तातील लोह तपासले. उताऱ्याचे इंजेक्शन लागले नाही. मी कोळशाची पूड देण्याविषयी विचारले, तेव्हा नको म्हणाले.

बालविभाग_धुळे
कोळसा लोहाला धरून ठेवत नाही, म्हणून त्याचा उपयोग नसतो. रक्त गिळल्यापासून चार ते सहा तासांनी पाहतात, त्यामुळे तीनची वेळ योग्यच होती. एक्स-रेत गोळ्या दिसल्या तर मदत होते, परंतु विरघळलेले लोह त्यात दिसत नाही, म्हणून कोरा एक्स-रे पाहून निर्धास्त होऊ नये.

केळीबाग
माझी चूक झाली, भाऊ. गोळ्या रात्री-बेरात्री गिळल्याचे कळले आणि गाडी नसली, तर काय करावे?

बालविभाग_धुळे
१०८ वर फोन करावा आणि पट्टी सोबत न्यावी. तोवर पोटात काही घालू नये.

शहादेकर
शेवटची शंका. दोन ते आठ आठवड्यांनी जठराचा मार्ग आकसू शकतो असे घरी सोडताना सांगितले. परवा त्याने जेवणानंतर एकदा ओकारी काढली. तेवढ्यावरून सोनोग्राफी करावी का?

बालविभाग_धुळे
एकाच ओकारीवरून मला इथे बसून सांगता येणार नाही. वारंवार होऊ लागली, किंवा वजन वाढणे थांबले, तर वाट न पाहता ज्यांनी दाखल केले होते त्यांच्याकडेच न्या.