२०४ च्या ताईंना उत्तर कसं लिहायचं? (सहस्रचंद्रदर्शनाचा ग्रुप)

दादा (रत्नागिरी): खालच्या २०४ मधल्या ताईंचा ईमेल आलाय, सेक्रेटरींना प्रत आहे. त्यांचा मेल इथे टाकत नाही, मुद्दे सांगतो. शनिवारी आपल्याकडे पखवाज रात्री ११.४० पर्यंत वाजत होता. मग १२.१५ पर्यंत त्यांच्या डोक्यावर धपधप, आणि शेवटी खुर्च्या ओढल्याचा आवाज. रविवारी सकाळी ७ ला त्यांची ड्यूटी होती. मी हे उत्तर लिहिलंय:
"आमच्या कार्यक्रमामुळे आपल्याला त्रास झाला असल्यास क्षमस्व. आजोबांची ८१ वर्षं हा आयुष्यात एकदाच येणारा प्रसंग होता. स्पीकर लावला नव्हता. शेजारधर्म म्हणून समजून घ्यावे."

काका (ठाणे): हे पाठवू नकोस. "झाला असल्यास" म्हणजे झाला की नाही याची तुला शंका आहे. त्यांनी तर मिनिटासकट वेळा दिल्यात. आणि "समजून घ्यावे" हे आपण त्यांना सांगायचं नसतं, त्यांना वाटलं तर त्या घेतील.

आत्या: काका बरोबर बोलतायत, पण स्पीकर खरंच नव्हता ना? ते लिहायला काय हरकत आहे? नियम स्पीकरचाच आहे.

काका (ठाणे): नाही गं. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत स्पीकरबरोबर वाद्यंही येतात, ती दुरुस्ती २०१० ची. बंद सभागृहाला त्यात सूट आहे, पण मे महिन्यात खिडक्या सताड उघड्या टाकलेला आपला हॉल म्हणजे बंद सभागृह, असं म्हणायला मी तरी धजणार नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. यातलं काहीही मेलमध्ये मात्र घालायचं नाही. नियम काढला की त्या मोबाईलवर डेसिबल मोजून पाठवतील, आपण म्हणू तो आकडा खरा नाही, आणि मूळ गोष्ट राहील बाजूला. ही माहिती आपल्यासाठी, आपण चुकलो हे नीट कळावं म्हणून.

आत्या: बरं. पण धपधप कसली? फुगडी तर आम्ही सतरंजीवर घातली. चपलासुद्धा नव्हत्या पायात.

पुण्याची ताई: आत्या, दोन आवाज वेगळे आहेत आणि उत्तरातही ते वेगळेच लिहायला हवेत. गाणं, पेटी, टाळ हे हवेतून जातात, खिडकी लावली की बरेच कमी होतात. फुगडीची टाच थेट लाद्यांवर आपटते, स्लॅब हादरतो आणि खालच्या खोलीचं छतच बोलू लागतं. तिथे खिडकी लावून काही होत नाही. सतरंजीने खुर्चीचा करकर आवाज मरतो, टाचेचा धक्का मरत नाही, त्याला खाली जाड गादी लागते आणि गादीवर फुगडी होत नाही. म्हणजे फुगडीला एकच उपाय, वेळ. नाहीतर खाली पार्किंगमध्ये घालायची, तीही १० च्या आत.
पखवाज मधला. त्याच्या डाव्या बाजूचा घुमारा खिडकी लावली तरी भिंतीतून जातो, शिवाय तो जमिनीवर टेकलेला असतो. खाली दुमडलेली गोधडी घातली तर थोडा फरक पडतो, थोडाच.

दादा (रत्नागिरी): मग लिहू काय? "पुन्हा आवाज होणार नाही"?

काका (ठाणे): ते तर मुळीच नको. भाद्रपदात गणपती आहेत, आरतीला टाळ वाजणारच. पहिल्याच संध्याकाळी तुझा शब्द खोटा पडेल आणि पुढच्या मेलला तुझ्याकडे उत्तर नसेल. घड्याळावर धरता येईल तेवढंच कबूल कर.

पुण्याची ताई: आणि "आयुष्यात एकदाच" काढ. कारण खरं आहे, पण माफीच्या शेजारी बसलं की सबब होते. निमित्त कोणतं ते एका वाक्यात सांग आणि पुढे जा. त्यांनी ड्यूटीचं लिहिलंय त्याला उत्तर दे, सगळ्या मेलमध्ये त्यांना सर्वांत जड तेच गेलंय.

आत्या: "क्षमस्व" पण काढ रे. कचेरीतल्या पाटीसारखं वाटतं. माफ करा म्हण.

दादा (रत्नागिरी): पुन्हा लिहिलं:

"नमस्कार ताई,
तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. शनिवारी आमच्याकडे आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. भजन १० ला थांबवायला हवं होतं, ते ११.४० पर्यंत चाललं. त्यानंतरची धपधप फुगडीची होती. ती तुमच्या खोलीत इतकी ऐकू येत असेल हे आमच्या लक्षात आलं नाही, यायला हवं होतं. सकाळी ७ च्या ड्यूटीआधी तुमची झोप गेली, त्याबद्दल मनापासून माफ करा.
यापुढे घरात कार्यक्रम असेल तर तीन दिवस आधी तुम्हाला तारीख आणि वेळ कळवू. वाद्यं आणि फुगडी रात्री १० ला बंद होतील. खुर्च्या रात्री ओढणार नाही, सकाळी ९ नंतर उचलून ठेवू. गणपतीत संध्याकाळची आरती ८ ला सुरू होऊन ९ पर्यंत आटपेल. तुमची सकाळची ड्यूटी कोणत्या दिवशी असते ते सांगितलंत तर आणखी लवकर घेऊ.
तरीही त्रास झाला तर खालच्या नंबरवर लगेच फोन करा, संकोच नको.
३०४"

काका (ठाणे): आता ठीक आहे. एकच अडचण, फोनची. भजन चालू असताना तुझा फोन तुला ऐकू येणार आहे का? त्यांनी दोनदा लावला आणि कोणी उचलला नाही, तर मेलपेक्षा ते वाईट. भजनात न बसणाऱ्या कोणाचा तरी नंबर दे, स्वयंपाकघरात असेल त्याचा.

वहिनी (रत्नागिरी): माझा द्या. मी फोन ओट्यावर ठेवते, आवाज चालू करून.

दादा (रत्नागिरी): सेक्रेटरींची प्रत काढू का?

काका (ठाणे): काढू नकोस. ती त्यांनी लावलीय, तेव्हा रिप्लाय ऑलच कर. काढलीस तर लपवतोयस असं दिसेल. नवीन मात्र कोणाला घालायचं नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक शब्द नको. त्यांनी चारचौघांत आणलं नाही, आपणही आणायचं नाही. विषयाची ओळ आहे तशीच ठेव. आणि आता रात्रीचे ११ वाजलेत, उद्या सकाळी पाठव. आवाजाच्या तक्रारीला उत्तर देताना त्यांचा फोन मध्यरात्री वाजायला नको.

आत्या: मेलबरोबर आंबे पाठवू का खाली? पेटी उघडलीच आहे.

पुण्याची ताई: बरोबर नको आत्या. माफी आणि आंबे एकदम आले की राग धरायलाही माणसाला अवघड होतं. त्यांचं उत्तर येऊ दे, मग एरवी देतेस तसे दे.

आत्या: मग चार दिवसांनी देते, तोवर अढीतले तयार होतील.

दादा (रत्नागिरी): सकाळी साडेआठला पाठवतो. आणि गणपतीचं आत्ताच ठरवू या. ८ ला आरती म्हणजे मुंबईहून येणाऱ्यांनी साडेसातपर्यंत आंघोळी आटपलेल्या पाहिजेत. जो उशिरा येईल त्याच्यासाठी आरती पुन्हा होणार नाही.

काका (ठाणे): आणि मंत्रपुष्पांजलीनंतरचं "अजून एक भजन" पण नाही. ९ म्हणजे ९. टाळ मी स्वतः गोळा करीन.