जुन्या कॅसेटी घरीच संगणकावर उतरवल्यात का? अनुभव लिहा

कृष्णाकाठची
रंगकामासाठी माळा रिकामा केला, तर बुटाच्या खोक्यात कॅसेटी निघाल्या. त्यातल्या एकीवर मामाच्या अक्षरात "आई, जात्यावर" एवढंच. आजी तासगावची, तिच्या ओव्या मामानं कधीतरी टेपवर धरल्या होत्या म्हणे. गणपती पेठेतून वायर आणली, शेजारच्यांचा जुना डेक आणला आणि हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला जोडला. आवाज आला, पण फाटलेला. व्हॉल्यूम कमी केला तर फाटणं थांबलं, पण आजी जणू रजईत तोंड घालून गातेय, आणि वर खरखर आहे ती आहेच. तुम्ही कुणी केलंय का हे? काय काय झालं ते लिहा.

साताऱ्याची सून
माझ्या सासऱ्यांची कीर्तनं आहेत अशी पेटीभर. वाचतेय. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

हळदीबाजार
डेकवर डॉल्बीचं बटण असेल ते दाबा, खरखर गायब. आमच्याकडं तसंच करतात.

पोवईनाका
हळदीबाजार, ते अर्धंच खरं आहे. रेकॉर्ड करतानाही डॉल्बी चालू असेल तरच वाजवताना ते दाबायचं. रेकॉर्डिंगला बारीक, तीक्ष्ण आवाज मुद्दाम वाढवून भरतात आणि वाजवताना तेवढेच खाली आणतात, त्यात खरखरही खाली जाते. मामाच्या साध्या टेपला डॉल्बी असण्याची शक्यता कमी. तिथं बटण दाबलं तर खरखरीबरोबर आजीचे स, श पण जातील.
ताई, तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. फाटणं आहे ते लॅपटॉपच्या भोकामुळं. ते माइकसाठी असतं, त्याला अगदी क्षीण सिग्नल लागतो, शिवाय बहुतेक लॅपटॉपांत ते एकाच चॅनलचं. लाल-पांढऱ्या पिनांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. घेताना विचारा, लाइन-इन आहे का? नुसता माइक-इन असलेलं स्वस्त कार्ड घेतलंत तर परत तेच.

कृष्णाकाठची
आणि रजई?

पोवईनाका
आधी हेड पुसा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल, काडीवर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. रबरी चाकाला मात्र साबणाचं पाणी, अल्कोहोलनं रबर कडक होतं. नंतर विकत घेतलेली एखादी कॅसेट लावून बघा. ती खणखणीत वाजली आणि आजीचीच बसकी वाजली, तर हेडचा कोन. मामाच्या टेपचं हेड किंचित तिरकं असणार, त्यामुळं पट्टीवरचे ठसेही तिरके पडले. तुमच्या डेकचं हेड सरळ, म्हणून बारीक आवाज एकमेकांत पुसले जातात. ओळखायची खूण अशी, की खरखर चांगली धारदार ऐकू येते आणि गाणारा मात्र मंद. पट्टीच खराब असती तर असं सहसा होत नाही.
हेडच्या बाजूला स्प्रिंग घातलेला एक छोटा स्क्रू असतो. बऱ्याच डेकांत प्ले दाबल्यावर वरच्या छिद्रातून तिथपर्यंत पेचकस पोचतो. लोखंडी पेचकसाचं टोक चुंबकीय नाही ना ते बघा. आधी स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशनं खूण करून ठेवा. मग दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका, स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवा, आणि जिथं स, च सर्वांत स्पष्ट होतील तिथं थांबा.

विट्याचा
माझी व्हिडिओ कॅसेट आहे लग्नाची. ती पण याच वायरनं होईल का? मंडळी मागं लागलीय.

पोवईनाका
नाही हो, त्याला व्हीसीआर लागेल आणि चित्र घेणारं वेगळं उपकरण.

विट्याचा
बरं. चांगलंच झालं, सांगतो तसं 😀

मिरजेची पेटी
माझी गोष्ट वेगळी. गुरुजींचा भजनाचा कार्यक्रम बॅटरीवरच्या टेपवर घेतलेला. आता वाजवला की गुरुजींचा आवाज पोरासारखा. पेटी पांढरी चारची होती हे मला पक्कं ठाऊक, ऐकू येते काळी तीन. बॅटरी उतरल्यामुळं रेकॉर्डिंगच्या वेळी टेप हळू फिरला असणार. अर्धा स्वर म्हणजे साधारण ६ टक्के, तेवढा वेग कमी केला की सुरुवात जुळते. पण पुढं पुढं परत चढतंच जातं. काय करावं?

पोवईनाका
बॅटरी उतरत गेली, तसा फरक वाढत गेला. गाण्यागणिक तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा आकडा द्या. पूर्ण नीट होईल असं मी म्हणणार नाही.

हळदीबाजार
आमच्या कॅसेटी २०१९ च्या पुरात गेल्या. चिखल वाळलाय आत. कुणीतरी म्हणालं, तांदळात ठेवा.

साताऱ्याची सून
तांदूळ खायचे की ठेवायचे?? वाळलेल्या चिखलाला तांदूळ काय करणार.

पोवईनाका
तांदूळ नको, आणि डेकमध्ये तर अजिबात घालू नका. चिखलाचा कण हेडपण खरवडतो. पाच स्क्रूंची असेल तर उघडा, रिळं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून चिखल सुटू द्या, सावलीत वाळवा, मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोळीत बसवा. ड्रायर नको, उन्हातही नको. इतक्या वर्षांनंतर किती हाती लागेल ते पट्टी उलगडल्यावरच कळेल.

कृष्णाकाठची
दादा, स्क्रू फिरवला! "पहिली माझी ओवी" मधला झ ऐकू आला. नवीन कार्डही लागलं. चार्जर काढला तर मागची घरघरही गेली, ती का?

पोवईनाका
चार्जर आणि डेक दोन्ही एकाच विजेवर असले की जमिनीच्या तारेतून ती ५० हर्ट्झची घरघर शिरते. रेकॉर्ड करेपर्यंत बॅटरीवरच ठेवा.
आवाज उंच जाईल तिथं मीटर उणे ६ च्या आसपास राहू द्या, लाल दिवा लागला की ते परत येत नाही. आणि खरखर आता काढा, आधी नाही. कारण कोन चुकलेला असताना जे हरवतं ते कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

कृष्णाकाठची
ऑडॅसिटीत काढलं. आवाज पाण्यात बुडल्यासारखा, गुळगुळ.

पोवईनाका
नमुना कुठला निवडलात?

कृष्णाकाठची
सुरुवातीचा, एकदम शांत होता तो.

पोवईनाका
तो पारदर्शक तुकडा असेल, त्यावर चुंबकीय लेप नसतो, म्हणजे तिथं पट्टीची खरखरच नाही. आजी गायला लागायच्या आधी मामानं बटण दाबल्यानंतरचे दोन-तीन सेकंद निवडा, त्यावर Get Noise Profile. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून Noise Reduction मध्ये आकडा ६ डेसिबल ठेवा. आणि तिथंच Residue निवडून ऐका. काय काढलं जातंय तेवढंच वाजतं. त्यात नुसती खरखर असली तर ठीक. आजीचा आवाज ऐकू आला, तर जास्त झालं, आकडा आणखी कमी करा.

कृष्णाकाठची
६ ला जात्याची घरघर Residue मध्ये येतेय, आजी नाही.

मिरजेची पेटी
मग ती ठेवायची की काढायची? मी असतो तर ४ वरच थांबलो असतो, जातं नसलं तर ओवी कशाची.

साताऱ्याची सून
ठेवा हो जातं.

पोवईनाका
मला विचाराल तर न काढलेली मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये जपून ठेवा, बाकी घरच्यांना हवं तसं करा. एमपी३ फक्त व्हॉट्सॲपला पाठवायला.

विट्याचा
पाठवली की इकडं पण टाका. आमच्या आईलाही ओव्या येतात, पण टेप कुणाकडं होता तेव्हा.

साताऱ्याची सून
आईला येतात म्हणजे आजही येतात ना? मोबाइल पुढं धरा की मग, व्हिडिओ कॅसेटचं नंतर बघा.