बाबांना फीचे पैसे हप्त्याने परत करायचं पत्र लिहिलंय, पाठवू का? मतं द्या

कॉटबेसिस_कोथरूड: शिक्षण संपलं, जूनपासून नोकरी, हातात 26,500 येणार. फीसाठी बाबांनी 3,60,000 दिले होते, त्यातले 2,40,000 एफडी मोडून आणि 1,20,000 आईच्या पाटल्या बँकेत ठेवून, 9 टक्क्यांनी. पत्रात असं लिहिलंय: "बाबा, फीचे पैसे मला परत करायचे आहेत. जुलैपासून दर महिन्याच्या 10 तारखेला 10,000, असे 36 महिने. व्याज किती लावायचं ते तुम्ही सांगा." तोंडावर बोलायला जमत नाही म्हणून पत्र. ते बार्शीला असतात. ठीक आहे का?

पेठेतला_काका: अजिबात पाठवू नकोस. बापाला विचारतो व्याज किती लावू, सावकार आहे का तो? माझ्या मुलाने असला कागद पुढे केला असता तर मी दोन दिवस जेवलो नसतो. गपचूप घरचं लाईट बिल भर, किराणा भर, झालं की.

हिशोबी_ताई: काका, किराणा भरून पाटल्या सुटत नाहीत ना. मी सोनेतारणाच्या काउंटरला नऊ वर्षं बसलेय, म्हणून सांगते. भाऊ, तू दोन वेगळे पैसे एकाच हप्त्यात कालवलेस. एफडीचे गेले ते गेले, त्यांचं व्याज बुडतंय पण आता कोणी मागायला येत नाही. सोन्याचं मीटर मात्र चालू आहे, 1,20,000 वर महिन्याला 900. तू बाबांच्या हातात 10,000 दिलेस आणि त्यांनी ते "पोराच्या लग्नाला होतील" म्हणून बाजूला ठेवले (ठेवतातच, रोज बघते) तर तुझे हप्ते चालू राहतील आणि पाटल्या तिथेच. म्हणून पत्रात लिही की आधी सोनं, मग एफडीचे. पैसे थेट त्या कर्जखात्यात टाक, नंबर पावतीवर असतो, फक्त मधेमधे मुद्दल भरलेलं चालतं का ते शाखेत विचारून घे.

आणि 10,000 जमणार नाहीत तुला. कॉट, मेस, पेट्रोल, मोबाईल सगळं मिळून किती?

कॉटबेसिस_कोथरूड: कॉट 6,500, मेस 3,600, बाकी 2,500 च्या आसपास. म्हणजे 13,900 उरतात.

हिशोबी_ताई: मग 10,000 दिल्यावर 3,900, त्यात आजारपण, कपडे, बार्शीला जाणंयेणं. चौथ्या महिन्यात हप्ता चुकेल आणि तू फोन टाळायला लागशील. 8,000 धर. आजवरचं व्याज बाबा भरतायत असं धरलं तर सोन्याचं सोळाव्या हप्त्याला संपतं. तोवर पगार थोडा वाढला तर पुढे 10,000 ने 24 महिने, एकूण 40. तुझ्या 36 पेक्षा चारच महिने जास्त. एक ओळ हीपण टाक, एखादा महिना नाही जमला तर 5 तारखेच्या आत कळवेन आणि तो हप्ता शेवटी जोडला जाईल.

टॅक्सवाला_पोऱ्या: बाबांना व्याज दे ना, फायदाच आहे, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर 80ई ची सूट मिळते.

हिशोबी_ताई: ती बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या कर्जाला, बापाकडून घेतलेल्याला नाही. उलट तू दिलेलं व्याज बाबांच्या उत्पन्नात धरलं जाईल. एक मात्र खरं, पैसे खात्यातूनच दे, रोख नको.

ईएमआय_पीडित: माझं बँकेचं एज्युकेशन लोन होतं, कोर्स चालू असताना हप्ता नव्हता म्हणून मी निवांत, आणि नंतर बघतो तर मधल्या काळातलं व्याज मुद्दलात बसलेलं. तेव्हा बँकेला आत्ताच अर्ज कर, मुदत वाढवून मिळते.

कॉटबेसिस_कोथरूड: दादा, माझं बँकेचं नाही, बाबांकडून घेतलेत.

पेठेतला_काका: ताईंचं सोन्याचं पटलं. पण "व्याज किती" ही ओळ काढ बाबा, ती वाचवत नाही. आणि 40 महिन्यांचा तक्ताबिक्ता जोडू नकोस.

हिशोबी_ताई: व्याजाची ओळ काढा, मान्य. तक्ता मात्र हवाच. नाहीतर वर्षाने किती फिटले यावरून घरात दोघांची दोन उत्तरं येतात.

पेठेतला_काका: आमच्यात कोणी मोजत नाही.

कॉटबेसिस_कोथरूड: आत्ता आईला फोन केला. पावती तिच्याच कपाटात, साड्यांखाली. मुदत 22 ऑगस्ट लिहिलीये, आणि वर्षभर व्याज कोणी भरलेलंच नाही, बाबांना वाटत होतं एकदम शेवटी भरायचं असतं.

हिशोबी_ताई: काही कर्जांत असतं तसं, बाबा चुकले नाहीत. पण मग 22 ऑगस्टला साधारण 10,800 भरून रिन्यू करावं लागेल. जुलै-ऑगस्टचे तुझे 16,000 आधी तिकडे जातील आणि सोळाचे सतरा-अठरा हप्ते होतील. पत्र राहू दे, उद्या बाबांना पावती घेऊन शाखेत जायला सांग.

कॉटबेसिस_कोथरूड: सांगतो. पण मला पावतीचं कळलंय हे आईने त्यांना सांगू नको म्हटलंय.