वाढदिवस विसरणारा नवरा: विसराळू की बेफिकीर?

सायली_ठाणे
लग्नाला ६ वर्षं झाली, त्यात ४ वेळा नवरा लग्नाचा वाढदिवस विसरला. माझा वाढदिवस तर माझ्या आईचा फोन आला की त्याला कळतो. पण एसआयपी, गाडीचा विमा, रविवारची मॅच, यातलं काही कधी चुकत नाही. हा विसराळूपणा म्हणायचा की मीच यादीत खाली?

रोखठोक
मनात असलं की लक्षात राहतं. साहेबांची मीटिंग विसरतो का? नाही ना? मग झालं.

जुनं_घड्याळ
इतकं सरळ नाही ते. या तिन्ही गोष्टी त्याला आठवत नाहीत, आठवून दिल्या जातात. एसआयपीचा मेसेज येतो, विमावाले महिनाभर आधीपासून फोन करतात, मॅचचा ग्रुप शनिवारपासून वाजत असतो. साहेबांच्या मीटिंगचंही तेच. तुमच्या तारखेला काहीच वाजत नाही.

तारीख पाठ असणं वेगळं आणि त्या सकाळी ती आपसूक डोक्यात येणं वेगळं. आत्ता विचारलंत तर तो बरोबर सांगेल. म्हणून, ज्यांची आठवण कोणी करून देत नाही अशी त्याची बाकीची कामं बघा: बहिणीचा वाढदिवस, मित्राचे उसने पैसे, गॅसवरचं दूध. तिथेही हाच गोंधळ असेल तर तो स्वभाव.

मी मात्र विसरल्यानंतरचा आठवडा बघेन. दरवर्षीचा रिमाइंडर लावायला मिनिटभर लागतं. ४ वेळा घरात रडारड होऊनही त्याने स्वतः तो लावला नसेल, तर तिथे स्मरणशक्तीचा काही दोष नाही.

नाशिकची_मावशी
आमच्या ह्यांचा जन्म अक्षय्य तृतीयेचा. सासूबाई तिथीला ओवाळायच्या, मी तारखेला केक आणते. दोन्ही करा, भांडण नको!

सायली_ठाणे
मावशी, इथे एकाचीच मारामार आहे 😄 रिमाइंडर मीच लावला होता त्याच्या फोनमध्ये, सकाळी ९ चा. तेव्हा तो लोकलमध्ये लटकलेला. खिशातल्या खिशात बंद केला, दादर येईपर्यंत विसरला.

जुनं_घड्याळ
वेळ चुकली. हात मोकळे असतील तेव्हा वाजायला हवा. आदल्या रात्री जेवणानंतर एक आणि आठवडाभर आधी एक. पण तो त्याने लावायचा. तुम्ही लावलात तर लक्षात ठेवायचं काम तुमच्याकडेच राहिलं.

रोखठोक
म्हणजे शेवटी बायकोनेच शिकवायचं! ज्याला चाड आहे तो भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करतो.

जुनं_घड्याळ
भिंतीवरचा गोल चार दिवसांत दिसेनासा होतो हो. पण तो कोणी केला, हा मुद्दा मान्य.

सायली_ठाणे
बहिणीचं म्हणाल तर भाऊबीजेचं पाकीटसुद्धा मीच भरते. उसने पैसे मित्रच मागून नेतात. आणि दूध परवाच उतू गेलं, तो ओट्याशी उभा राहून स्कोअर बघत होता. रिमाइंडर मात्र त्याने अजून लावलेला नाही. आज जेवणानंतर विचारते.