शब्दचर्चा : 'एन क्वांतो मे लो देहा?'

पोटली : डिसेंबरात मेक्सिकोत, ओआहाकाला जातेय. बाजारात घासाघीस करायला सभ्य स्पॅनिश हवंय. 'मास बारातो, पोर फावोर' (स्वस्त करा, प्लीज) चालेल ना?

पेठकर : चालेल. पुण्यात क्लासमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं. घासाघिशीला 'रेगातेआर' म्हणतात.

अर्धाडाव : रेगातेआर म्हणजे फुटबॉलमध्ये हुलकावणी देत बॉल पुढे नेणं. मॅच बघताना सारखं ऐकतो.

मेक्सिकोवासी : दोन्ही अर्थ आहेत. पण पोटली, 'बारातो' टाळाच. आपण भाजीवालीला 'स्वस्त दे' म्हणत नाही, 'कितीला सोडाल?' विचारतो. तिथेही अगदी तेच आहे. 'देहार' म्हणजे सोडणे, ठेवणे. 'एन क्वांतो मे लो देहा?' म्हणजे 'मला कितीला सोडाल?' उस्तेद, म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', म्हणून 'देहा'. 'देहास' म्हटलंत की एकेरी झालं.

उदाहरण देतो. तेओतित्लान देल वाये हे विणकरांचं गाव. तिथे एका बाईंनी लोकरीच्या तापेतेचे (गालिचा) १२०० सांगितले, 'मिल दोसिएन्तोस'. मी विचारलं, 'एस लो मेनोस?' (हा शेवटचा का?) त्या ११०० वर आल्या, 'मिल सिएन'. मग मी नकारार्थी प्रश्न टाकला : 'नो मे लो देहा एन नोवेसिएन्तोस सिंक्वेंता?' साडेनऊशेला नाही का जमणार? त्या १०५० वर आल्या, 'मिल सिंक्वेंता'. शेवटी मी म्हटलं, 'मिल, इ मे लो येवो.' हजार, आणि घेऊनच जातो. हे बोलल्यावर मागे फिरणं फार वाईट दिसतं.

पेठकर : ९०० म्हणजे 'नुएवेसिएन्तोस' ना?

मेक्सिकोवासी : नाही, 'नोवे-'. ७०० 'सेते-', ५०० 'किनिएन्तोस'. खरा घोळ ६० आणि ७०चा : सेसेंता, सेतेंता. गोंगाटात हमखास चुकतं. मी बोटांनी दाखवतो किंवा फोनवर आकडा टाइप करतो.

पोटली : नको असेल तर?

मेक्सिकोवासी : हसून 'ग्रासियास' म्हणा. एवढाच नकार पुरतो.

लिमाकर : पेरूत मी भाजीवाल्या मावशींना 'कासेरिता' म्हणायचे आणि शेवटी 'यापा' मागायचे. आपण जुडीवर दोन मिरच्या वर मागतो ना, तसं. स्पॅनिशमध्ये सगळीकडे यापाच.

मेक्सिकोवासी : यापा तुमच्या अँडीजकडचा, केचुआ भाषेतून आलेला. मेक्सिकोत 'पिलोन'. पण तो फळं-भाजीवर मागतात, गालिच्यावर नाही.

पोटली : आणि हाताने विणलेल्या वस्तूवर दोनशे कमी करणं बरं वाटतं का?

लिमाकर : मला नाही वाटत. मी भाजीतच करते.

मेक्सिकोवासी : थेट विणकराकडे मी एकदा 'एस लो मेनोस?' विचारतो. त्या गालिच्याच्या वेळी मात्र हजारापर्यंत गेलो, आणि अजून ते थोडं टोचतं.