मदत हवी आहे : शेअर १५ टक्के वाढले, दादाच्या हाती मात्र शून्य

मंडळी, माझा मोठा भाऊ लिस्बनला असतो, मी म्हापशाला. त्याच्या इथल्या शेअरचा हिशेब मीच ठेवतो, आणि चतुर्थीला तो घरी आला की वहीवरून आमचं हमखास वाजतं.

सोपे आकडे घेतो. युरो ८० रुपये असताना त्याने १०,००० युरो, म्हणजे ८ लाख गुंतवले. वर्षभरात शेअर १५ टक्के वाढून ९,२०,००० झाले. मी खूश! पण तोवर युरो ९२ वर गेला होता. भागून बघा, बरोबर १०,००० युरोच येतात.

मी वहीत वेगळंच लिहिलं होतं. रुपया सुमारे १३ टक्के घसरला, म्हणून १५ वजा १३, दोन टक्के नफा. चूक उशिरा कळली : घसरण मुद्दलावरच नाही, वाढलेल्या १,२०,००० वरही लागते. म्हणून वजाबाकी नव्हे, गुणाकार : १.१५ × ८०/९२ = १.

आता अडलंय ते लाभांशावर. मधे युरो ८५ असताना ८,५०० रुपये जमा झाले. दादा म्हणतो, त्या दिवसाच्या दराने १०० युरो धर. पण पैसे अजून इथल्याच खात्यात रुपयांत पडून आहेत. मग ९२ नेच भागायला नको का? तसे ९२ युरोच होतात. लगेच लिस्बनला पाठवले असते तर ८५ चा दर मलाही पटला असता.

कर आणि बँकेचं कमिशन सध्या बाजूला ठेवा. कोणता दर बरोबर?